अडतीस व्याख्याने, एक मॅक्रो आणि शांततेची मोजमापे

सोलापुरातल्या एका संध्याकाळच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या सरांची अडतीस व्याख्याने ध्वनिमुद्रित स्वरूपात आमच्या ग्रंथालयाकडे आली. दिवसा कामावर जाणारे बहिःस्थ विद्यार्थी आणि काही दृष्टिहीन विद्यार्थी ती मोबाइलवर ऐकणार होते. निरनिराळ्या विद्यार्थ्यांनी, निरनिराळ्या मोबाइलवर, कधी पहिल्या बाकावरून तर कधी मागच्या खिडकीजवळून मुद्रण केले असल्यामुळे कोणत्याही दोन फायलींचा आवाज सारखा नव्हता. ऐकणाऱ्यांपैकी एका विद्यार्थिनीने अडचण नेमकी सांगितली : "ताई, सातवं व्याख्यान ऐकायला आवाज पूर्ण वाढवावा लागतो, आणि तसंच आठवं लागलं की कानठळ्या बसतात." शिवाय सर फळ्यावर आकृती काढत असताना मोठी शांतता पसरे, आणि डोळ्यांनी मोबाइल न पाहणाऱ्या श्रोत्याला फाईल संपली की काय, असे वाटे. अडतीस फायली एकेक उघडून हाताने दुरुस्त करण्याऐवजी ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत एक मॅक्रो बांधायचा आणि सर्व फायली त्यातून काढायच्या, असे मी ठरवले. मॅक्रो म्हणजे ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या आज्ञांची यादी. ती यादी बांधायला फार वेळ लागत नाही. खरा विचार लागतो तो क्रमाचा आणि प्रत्येक पायरीत भरायच्या आकड्यांचा, म्हणून मी त्यांच्याविषयीच सविस्तर लिहिणार आहे.

पहिला प्रश्न होता, आवाज सारखा करायचा म्हणजे नेमके काय सारखे करायचे. फाईलमधले सर्वांत उंच टोक सर्वत्र सारखे केले तर उपयोग होत नाही, कारण टेबलावर एकदा डस्टर आपटला तरी ते टोक ठरून जाते आणि सरांचा आवाज होता तिथेच राहतो. म्हणून सरासरी ऊर्जा पाहावी लागते आणि ऑडॅसिटीच्या `Loudness Normalization` या परिणामात त्यासाठी दोन मापे मिळतात : एक आरएमएस आणि दुसरे एलयूएफएस. दोन्ही सरासरीच आहेत, पण शांततेला ती वेगवेगळी वागवतात आणि व्याख्यानांच्या बाबतीत सगळा फरक तिथेच पडतो. आरएमएस काढताना फाईलमधला प्रत्येक क्षण हिशेबात धरला जातो. एखाद्या तासाचा अर्धा वेळ सर फळ्यावर लिहीत असतील तर त्या शांततेमुळे आरएमएस सुमारे ३ डेसिबलने खाली येतो. प्रणालीला वाटते की ही फाईल हळू आहे, आणि ती बोलण्याचा आवाज इतर व्याख्यानांपेक्षा ३ डेसिबल जास्त चढवून ठेवते.

एलयूएफएसच्या मोजमापात मात्र एक गाळणी असते. ४०० मिलिसेकंदांचे एकमेकांवर चढलेले तुकडे मोजले जातात, उणे ७० च्या खालचे तुकडे आधीच वगळले जातात, आणि मग उरलेल्यांच्या सरासरीपेक्षा १० एककांहून अधिक हळू असलेले तुकडेही वगळले जातात. त्यामुळे फळ्यापुढची शांतता बहुतांशी हिशेबातून आपोआप गळते आणि मोजला जातो तो सरांचा आवाज. याच कारणासाठी मी एलयूएफएस निवडले आणि लक्ष्य उणे १९ ठेवले. युरोपीय प्रसारणासाठी ठरलेली उणे २३ ची पातळी साध्या मोबाइलच्या स्पीकरवर, रस्त्यावरच्या आवाजात, फार क्षीण वाटते. उलट उणे १६ पर्यंत चढवले असते तर आमच्या हळू फायलींमधला पंख्याचा आवाजही तितकाच पुढे आला असता.

या निवडीमुळे क्रमाचा प्रश्नही सुटला. शांतता ओळखणारा `Truncate Silence` हा परिणाम एका ठरावीक पातळीखालच्या आवाजाला शांतता मानतो आणि ती पातळी सर्व फायलींना एकच असते. फायली मूळ अवस्थेत असताना ती लावली तर हळू मुद्रित झालेल्या व्याख्यानात सरांची खालच्या पट्टीतली वाक्येसुद्धा शांतता ठरतात, आणि मोठ्या आवाजाच्या फाईलमध्ये नुसत्या पंख्यालाही बोलणे समजले जाते. म्हणून आधी सर्व आवाज एका पातळीवर आणायचे आणि मगच शांततेला हात लावायचा. एलयूएफएस शांततेला फारसे जुमानत नसल्यामुळे, नंतर शांतता कमी केली तरी आवाजाची पातळी जवळपास तशीच राहते. आरएमएसने काम करायचे असते तर याच्या उलट क्रम घ्यावा लागला असता, आणि मग शांततेची पातळी प्रत्येक फाईलसाठी वेगळी ठरवावी लागली असती. एखाद्या प्रकाशकाची अटच आरएमएसमध्ये असेल, तर शांतता कमी केल्यानंतर त्या मापाने पुन्हा एक पायरी जोडणे हा मार्ग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो.

मॅक्रो बांधण्यासाठी `Tools` या मेनूतून `Macro Manager` उघडले, नवा मॅक्रो तयार केला आणि एकेक आज्ञा घातली. पहिली आज्ञा सर्व ध्वनी निवडण्याची, दुसरी दोन वाहिन्यांची एक करण्याची, म्हणजे `Mix Stereo Down to Mono`. एका माणसाच्या बोलण्याला दोन वाहिन्या लागत नाहीत आणि फाईलही लहान होते. त्यानंतर `High-Pass Filter` घेतले आणि ८० हर्ट्झच्या खालचा भाग प्रति सप्तक १२ डेसिबलच्या उताराने कमी केला. ही पायरी अनेक जण अनावश्यक समजून सोडतात, कारण मोबाइलच्या स्पीकरवर इतका खालचा आवाज ऐकूच येत नाही. पण शांतता ओळखणारा परिणाम कानाने ऐकत नाही, तो लहरीची उंची पाहतो. बाकावर ठेवलेल्या मोबाइलमध्ये शिरलेली घरघर ऐकू आली नाही तरी लहरीत असतेच, आणि तिच्यामुळे खरी शांतताही शांतता म्हणून ओळखली जात नाही. ती घरघर आधी गाळली, तर पुढच्या पायरीला स्वच्छ जमीन मिळते.

चौथी पायरी आवाज सारखा करण्याची. मॅक्रो `Export` करून मजकुराच्या फायलीत पाहिला, तेव्हा ती ओळ अशी होती :

```
LoudnessNormalization:DualMono="1" LUFSLevel="-19" NormalizeTo="0" RMSLevel="-20" StereoIndependent="0"
```

यातला `NormalizeTo="0"` म्हणजे एलयूएफएसचे माप, आणि ते निवडलेले असताना आरएमएसचा आकडा नुसता पडून राहतो. `DualMono` कडे मात्र लक्ष द्यावे लागते. एकाच वाहिनीची फाईल दोन्ही कानांत वाजते, तेव्हा ती एकट्या वाहिनीच्या मोजमापापेक्षा ३ एककांनी मोठी भरते. ही खूण चालू असेल तर ऑडॅसिटी ते गृहीत धरूनच मोजते. फायली सगळ्या मोनो असतील तर खूण चालू असो वा बंद, त्या आपसांत सारख्याच राहतील. पण मोनो आणि स्टिरिओ यांची सरमिसळ असेल आणि खूण बंद असेल, तर दोन प्रकारांत ३ डेसिबलचा फरक उरतो आणि त्याचे कारण लवकर सापडत नाही.

सातव्या व्याख्यानाचे उदाहरण घेऊन पुढचे सांगते, कारण सर्वांत हळू फाईल तीच होती. मुद्रण मागच्या बाकावरून झालेले होते आणि तिची मूळ पातळी उणे ३६ होती. उणे १९ पर्यंत आणायचे म्हणजे १७ डेसिबलची वाढ. त्या फाईलमध्ये बाक सरकल्याचा एक आवाज उणे ९ डेसिबलपर्यंत गेला होता. त्यालाही १७ ची वाढ मिळाल्यावर तो अधिक ८ वर, म्हणजे फाईलच्या कमाल मर्यादेच्या पुष्कळ वर जाणार होता. ऑडॅसिटीच्या आत तो तसाच टिकतो, कारण आतले गणित ३२ बिट फ्लोटमध्ये चालते, पण एमपी३ करून बाहेर काढताना तो कापला जातो आणि करकरीत ऐकू येतो. म्हणून पाचवी पायरी `Limiter` ची, कमाल पातळी उणे ३.५ डेसिबल आणि नंतर आवाज परत चढवणारी सोय बंद. एमपी३ करताना टोके थोडी वर सरकतात, त्यासाठी ही जागा राखून ठेवावी लागते. लिमिटर नेहमी वाढ दिल्यानंतरच यायला हवा, आधी ठेवला तर तो ज्या टोकांसाठी आहे ती टोके अजून तयारच झालेली नसतात.

आता शांततेची पायरी. याच पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा असे माझे मत आहे. इथे पातळीचा आकडा ठरवताना एक गोष्ट माहीत असणे फार उपयोगाचे आहे : हा परिणाम सरासरी न पाहता प्रत्येक नमुन्याची उंची पाहतो. पंख्याच्या आवाजाची सरासरी उणे ४५ असली तरी त्याची टोके दहा-बारा डेसिबल वर असतात, आणि ठरवलेली पातळी त्या टोकांच्याही वर असावी लागते. टोक मोजण्याची सोपी युक्ती अशी की आवाज सारखा करून झालेल्या फाईलमध्ये दोन-तीन सेकंदांची निव्वळ शांतता निवडायची आणि `Amplify` ची खिडकी उघडायची. ती खिडकी जितके डेसिबल वाढ सुचवते, तितके त्या तुकड्याचे टोक शून्याच्या खाली असते. आकडा वाचून खिडकी रद्द करायची. सातव्या व्याख्यानात तिने ३४ दाखवले, म्हणजे शांततेचे टोक उणे ३४. उन्हाळ्यात सोलापुरात पंखा बंद करून तास घ्या असे कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे याहून खालची शांतता मिळण्यासारखी नव्हती. मी पातळी उणे ३० ठेवली.

उणे ३० ही पातळी बोलण्याच्या दृष्टीने तशी वरचीच आहे. मराठी वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो आणि 'आहेत', 'म्हणतात' अशा क्रियापदांचे शेवटचे अक्षर पुष्कळदा या पातळीच्या खाली जाते. ते कापले जाऊ नये याची काळजी दोन गोष्टी घेतात. पहिली म्हणजे किमान कालावधी. मी तो १ सेकंद ठेवला, त्यामुळे वाक्यातले श्वास आणि अर्धविराम यांना धक्काच लागत नाही. दुसरी म्हणजे कापण्याची रीत. हा परिणाम शांततेच्या मधोमध कापतो आणि दोन्ही बाजूंचा भाग शिल्लक ठेवतो. म्हणजे उतरत गेलेले अक्षर शांततेत मोजले गेले, तरी ते शांततेच्या कडेला असल्यामुळे वाचते. शिल्लक ठेवण्याचा काळ अगदी ०.२ सेकंद केला तर मात्र प्रत्येक बाजूला ०.१ सेकंदच उरते आणि शब्द तुटायला लागतात. आपला आकडा योग्य आहे की नाही हे ओळखायचे असेल, तर वाक्यांचे शेवट ऐकावेत.

पण मुळात शांतता कापायची की आवळायची, याचा निर्णय आकड्यांपेक्षा मोठा आहे. परिणामात दोन पर्याय आहेत. `Truncate Detected Silence` मध्ये प्रत्येक लांब शांतता एकाच ठरलेल्या लांबीची होते, मग ती मूळची २ सेकंदांची असो की २० सेकंदांची. `Compress Excess Silence` मध्ये किमान कालावधीच्या पुढचा भाग टक्केवारीने आवळला जातो. १ सेकंद आणि ५० टक्के असे ठेवले तर २ सेकंदांची शांतता दीड सेकंदाची होते आणि ६ सेकंदांची साडेतीन सेकंदांची. आमच्या सरांची सवय अशी की व्याख्या सांगून झाली की ते थांबतात आणि मुलांना उतरवून घेऊ देतात. त्या थांबण्यात दृष्टिहीन विद्यार्थी ब्रेलमध्ये टिपण काढतो. त्याच्यासाठी ती रिकामी जागा नसून तासाचाच भाग असते. सगळ्या शांतता अर्ध्या सेकंदाच्या केल्या असत्या, तर फायली सर्वांत लहान झाल्या असत्या, पण व्याख्या आणि तिच्यानंतरचे उदाहरण एकमेकांना चिकटले असते आणि कुठे थांबायचे हे श्रोत्याला कळले नसते. म्हणून व्याख्यानांसाठी मी आवळण्याचा पर्याय निवडला. पुढे एका निवृत्त बाईंनी पाठ्यपुस्तकाची प्रकरणे वाचून दिली, तेव्हा त्यांच्यासाठी मात्र कापण्याचा पर्याय घेतला, कारण वाचताना पान उलटण्यासाठी पडलेल्या खंडाला काही अर्थ नसतो. तिथे शिल्लक लांबी ०.८ सेकंद ठेवली.

शेवटची आज्ञा एमपी३ करून बाहेर काढण्याची. या आज्ञेत बिटरेट किंवा वाहिन्या वेगळ्या नमूद होत नाहीत, आधी शेवटचे जे वापरले असेल तेच ती वापरते. म्हणून मॅक्रो चालवण्यापूर्वी एक फाईल हाताने, मोनो आणि ६४ केबीपीएस ठेवून, बाहेर काढावी. तयार फायली मूळ नावांनीच वेगळ्या `macro-output` फोल्डरमध्ये जातात, त्यामुळे नावे आधीच ०१, ०२ अशी दोन अंकी करून ठेवली की क्रम बिघडत नाही. मोबाइलच्या एम४ए फायली विंडोजवर उघडण्यासाठी ऑडॅसिटीला एफएफएमपेगची जोड द्यावी लागते, ती नसेल तर रांग पहिल्याच फाईलवर अडते. फायलींवर मॅक्रो लावताना दुसरा कोणताही प्रकल्प उघडा असून चालत नाही, हेही ध्यानात असावे.

अडतीसच्या अडतीस फायली लगेच न घालता मी आधी तीन निवडल्या : सर्वांत हळू, सर्वांत मोठ्या आवाजाची आणि सर्वांत गोंगाटाची. तिसरी सर्वांत महत्त्वाची ठरली. ते व्याख्यान शहराच्या पूर्व भागातल्या एका वर्गात झाले होते, आणि शेजारच्या यंत्रमागांची खटखट त्यात अखंड होती. तयार फाईलची लांबी पाहिली तर ती मूळ फाईलइतकीच, सेकंदभरानेही कमी नाही. शांतता सापडलीच नाही, याची ही बिनचूक खूण आहे. मोजले तेव्हा बोलण्यामधल्या जागेचे टोक उणे २७ निघाले, म्हणजे ठरवलेल्या उणे ३० च्या वर. अशा फायलींसाठी मॅक्रोची दुसरी प्रत केली आणि तिच्यात फक्त पातळी उणे २५ केली. सर्वांसाठीच उणे २५ ठेवावी हा मोह टाळला, कारण शांत वर्गातल्या फायलींमध्ये इतक्या वरच्या पातळीखाली हळू बोललेली वाक्येही जातात. म्हणून रांग संपल्यावर दोन्ही फोल्डर शेजारी उघडून लांबीचा रकाना पडताळणे हे मी कामाचाच भाग मानते. लांबी न बदललेली फाईल दुसऱ्या मॅक्रोकडे जाते, आणि ज्या फाईलची लांबी इतरांच्या मानाने फारच घटली असेल ती आधी कानांनी तपासली जाते. एका तासात सर सतत खडूने लिहीत होते. तिथे लांबी जवळजवळ कमी झाली नव्हती, कारण खडूची टकटक पातळीच्या वर होती. ती मी तशीच राहू दिली. लिहिण्याचा आवाज येत असताना श्रोत्याला सर तिथेच आहेत हे कळते.

आवाजाची पातळी खरोखर जमली का, हे पाहण्यासाठी एफएफएमपेगची ही एक ओळ पुरते :

```
ffmpeg -hide_banner -nostats -i 07.mp3 -af ebur128=dualmono=true:peak=true -f null -
```

शेवटी छापलेल्या सारांशात `I:` पुढचा आकडा उणे १९ च्या आसपास असला पाहिजे. `dualmono=true` लिहिले नाही तर हीच मोनो फाईल उणे २२ दाखवते, आणि तयार झालेले काम बिघडलेले वाटते. सातव्या व्याख्यानाचा आकडा उणे १९.३ आला. लिमिटरने टोके दाबली की थोडी ऊर्जा जाते, त्यामुळे एवढी घट अपेक्षितच असते. घट एका एककापेक्षा जास्त असेल तर लिमिटरवर फार भार पडला आहे असे समजावे, आणि तो भार कोणत्या आवाजामुळे पडला ते लहरीत शोधावे.

या मॅक्रोने जे होत नाही तेही सांगायला हवे. संपूर्ण फाईलची मिळून एकच पातळी ठरते, त्यामुळे एकाच तासात सर मोबाइलजवळून दूर गेले असतील तर तो चढउतार तसाच राहतो. मागून प्रश्न विचारणारा विद्यार्थी हळूच ऐकू येतो. पंख्याचा आवाज कमी होत नाही, उलट हळू फाईलमध्ये तो वाढीइतकाच वर येतो, आणि म्हणून सातव्या व्याख्यानानंतर आठवे लागले की पार्श्वभूमीतला फरक जाणवतो. गोंगाट कमी करणारा परिणाम मी मॅक्रोत घातला नाही, कारण त्याला प्रत्येक वर्गाचा वेगळा नमुना द्यावा लागतो, आणि एका वर्गाचा नमुना दुसऱ्याला लावला तर सरांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. ज्या व्याख्यानांत आवाज मध्येच बदलला होता, ती मी त्या जागी दोन भागांत तोडली, दोन्ही भाग वेगळ्या फायली म्हणून मॅक्रोतून काढले आणि मग जोडले. इतके केल्यावर त्यांतला फरक ऐकणाऱ्याला त्रास देईल इतका उरला नाही.

दोन्ही मॅक्रोंच्या मजकूर फायली आता मूळ मुद्रणांच्या फोल्डरमध्येच ठेवल्या आहेत. पुढच्या सत्राची व्याख्याने आली की `Import` करून त्या घ्यायच्या, तीन फायलींवर शांततेचे टोक मोजायचे आणि पातळीचा आकडा त्याप्रमाणे बदलायचा. बाकीच्या पायऱ्यांना हात लावण्याचे कारण अजून पडलेले नाही.